43 फुटांच्या आत ये: वाढदिवस हुकलेल्या दोस्ताला काय लिहायचं

प्रश्न: 24 जुलैला माझा वाढदिवस झाला. इंजिनिअरिंगपासूनचा जिगरी दोस्त आहे, दोघंही कोल्हापूरचे, तो आता पुण्यात असतो. 13 वर्षं त्याचा फोन ठरलेला, रात्री 12 ला नाहीतर सकाळी आंघोळीच्या आधी. यंदा फोन नाही, मेसेज नाही. आज तिसरा दिवस. भांडायचं अजिबात नाहीये, पण गिळून पण बसवेना. हे टाईप करून ठेवलंय, पाठवू का? "काय साहेब, मोठी माणसं झालात. 24 तारीख येऊन गेली. असू दे, आपण कोण. बिझी असशील. काळजी घे 🙂"

उत्तर:

हा नको पाठवूस. दुसरा पाठव, आणि आज-उद्याच पाठव.

तुझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणते. मी 22 वर्षं ग्रीटिंग कार्डं, लग्नपत्रिका, जाहिराती असलाच मजकूर लिहून पोट भरलंय, आता पोरं लिहितात आणि मी खोडते. तुझा मेसेज पण आधी खोडूनच बघितला, सवयच आहे.

त्यात एक गंमत आहे बघ. इतक्या वाक्यांत तुला वाईट वाटलं हे कुठेच लिहिलेलं नाहीये. एकदा परत वाच. "साहेब" आणि "झालात", म्हणजे ज्याला 13 वर्षं अरे-तुरे करतोस त्याला एकदम अहो-जाहो, आपल्याकडे याच्यासारखी दुसरी चपराक नाही, आई चिडली की "या, बसा, जेवणार का आपण" म्हणते तसलं. "आपण कोण" म्हणजे तू मला परकं केलंस. "असू दे" म्हणजे असू द्यायचं नाहीये. "बिझी असशील" म्हणजे नव्हतास. आणि शेवटचा तो हसरा चेहरा, तो तर हसतच नाही, दात दाखवायचे पण नाहीत आणि डोळे मिटायचे पण नाहीत असा तो इमोजी आहे, आजकाल चिडलेली माणसंच तो वापरतात.

याला आपण टोमणा म्हणतो. टोमण्याची सोय अशी की नंतर नामानिराळं राहता येतं, "अरे मी सहज म्हणालो, तूच मनाला लावून घेतलंस". पण त्याची किंमत अशी की तुला लागलंय हे समोरच्याने शोधून काढायचं, वर त्याबद्दल त्यानेच माफी मागायची. तक्रार त्यापेक्षा बरी, ती निदान सरळ असते. तुला तक्रार नको आहे म्हणून तू टोमण्याकडे वळलास, असं बहुतेकांचं होतं, कारण हलकं लिहायचं म्हणजे तिरकं लिहायचं असा एक समज आहे.

आणि तिरकं लिहिलेलं पोचत नाही, हे तर मोजून झालंय. 2005 मध्ये जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग छापला होता. लोकांनी काही वाक्यं सरळ आणि काही उपहासाने लिहून ईमेलने पाठवायची, आणि वाचणाऱ्याने ओळखायचं कुठलं कसलं. पाठवणाऱ्यांना वाटत होतं 100 पैकी 78 वेळा तरी ओळखतील, प्रत्यक्षात आकडा आला 56. म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जरासाच बरा. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा लोकांनी बऱ्यापैकी ओळखली. कारण अगदी साधं आहे, लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो आणि आपल्याला वाटतं तो पण मेसेजबरोबर जातोय. तुझ्या डोक्यात "काय साहेब" रंकाळ्यावर भेळ खाताना म्हटल्यासारखं वाजतंय. त्याच्या फोनवर ते ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली उघडणार, सुक्कं.

आता दुसरी गोष्ट, तो विसरला म्हणजे नेमकं काय झालं. हे समजलं की शब्द आपोआप बदलतात म्हणून जरा थांबते इथे. तुझा वाढदिवस कधी असतो हे त्याला अर्ध्या रात्री उठवून विचार, सांगेल, 24 जुलै. ती माहिती कुठेही गेलेली नाही. गेलं काय, तर त्या दिवशी आज 24 जुलै आहे आणि आज फोन करायचाय हे डोक्यात टपकणं. मानसशास्त्रवाले याला प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी म्हणतात, पुढे करायचं काम त्या वेळेला आठवण्याची क्षमता, आणि ती माहिती लक्षात ठेवण्यापेक्षा वेगळी असते. तिला काहीतरी खूण लागते, कुणीतरी ग्रुपवर पहिली शुभेच्छा टाकली, फेसबुकने सांगितलं, बायको म्हणाली, ऑफिसातल्या बोर्डावर तारीख दिसली. 13 वर्षं त्याला अशी कुठली तरी खूण मिळत असणार, हॉस्टेलला तर रूमपार्टनरच केक आणायचे. यंदा ती खूण हुकली. त्याने फेसबुक बंद केलं असेल, फोन बदलला असेल, मूल झालं असेल आणि त्याला वारच कळत नसेल.

म्हणून मी अशा मेसेजमध्ये "विसरलास" हा शब्द शक्यतो येऊ देत नाही. तो खोटा आहे असं नाही, पण तो माणसावर बसतो. "तू मला विसरलास" आणि "तू माझा वाढदिवस विसरलास" यात मराठीत फार अंतर नाही, वाचणारा पहिलंच वाचतो. त्याऐवजी आपल्याकडे एक फार गोड शब्द आहे, हुकणं. चेंडू हुकतो, एसटी हुकते, नेम हुकतो. हुकणारा माणूस प्रयत्नात होता असं त्यात धरलेलंच असतं. "यंदा तुझा फोन हुकला" म्हटलं की दोष फोनवर जातो, आणि पुढच्या खेपेला लागेल असंही त्यात येतं.

असंच मराठीचं व्याकरण पण आपल्या बाजूने आहे. "मला वाईट वाटलं" यात कुणी कर्ता नाही बघ, वाईट वाटलं, पाऊस पडला तसं. "तू मला दुखावलंस" म्हटलं की लगेच आरोपी उभा राहतो. पण वाईट वाटलं हेही या प्रसंगाला जरा जड होतं असं माझं मत, ते कुणी आजारी पडल्यावरही म्हणतात. "हिरमोड" पुस्तकी. "राग आला" तर तुला आलेलाच नाही. "रुसलोय" बायका-पोरांत छान चालतं, दोन मिशीवाल्या दोस्तांत कसंतरी वाटतं, पण तुमच्यात चालत असेल तर चालवा. सगळ्यात नेमकं मला वाटतं ते "चुकल्यासारखं वाटलं". रोजच्या जागेवर चहाचा कप नसला की वाटतं ते. त्यात त्याने काय केलं नाही हे येत नाही, त्याचा फोन तुझ्या दिवसात कुठे बसलेला असतो ते येतं. आणि खरं तर तुला हेच सांगायचंय ना?

मग उलट्या बाजूचे शब्द, जे मी लाल पेनाने उडवते. "साधा", "निदान", "तरी", "सुद्धा", "एवढं पण". "साधा मेसेजसुद्धा नाही केलास" यातले "साधा" आणि "सुद्धा" काढून वाच, "मेसेज नाही केलास", अर्धी धार तिथेच गेली. हे छोटे शब्द म्हणजे तक्रारीचे खिळे आहेत, बोलताना आपल्याला कळत पण नाहीत. आणि दोन शब्द तर विषच, "हल्ली" आणि "नेहमी". हल्ली म्हटलं की 24 जुलैचा विषय संपला आणि गेल्या दोन वर्षांचा सुरू झाला. मोजदाद पण नको, "मी तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला 12 ला फोन करतो" हे खरं असलं तरी ते बिल वाटतं, आणि दोस्ताला बिल पाठवलं की तो ते चुकतं करतो, मग तुमच्यात देणंघेणं उरतं.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझी एक मैत्रीण, शाळेपासूनची, माझं माहेर जयसिंगपूर, तिथली. माझ्या पस्तिसाव्या वाढदिवसाला तिचा फोन आला नाही. मी चौथ्या दिवशी एसएमएस केला, तेव्हा एसएमएसच होते, "आमच्यासारख्यांचे वाढदिवस लक्षात ठेवण्याएवढा वेळ कुठला असणार तुला". लिहिणारी बाई मी, मला वाटलं काय झक्कास जमलंय. तिचा लगेच फोन, रडली, दहा वेळा सॉरी म्हणाली, मी पण म्हटलं जाऊ दे गं. भांडण वगैरे काही झालं नाही. पण पुढच्या वर्षीपासून बरोब्बर रात्री 12 वाजून 0 मिनिटांनी तिचा मेसेज, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा", दरवर्षी तेच, तिने फोनमध्ये गजर लावून ठेवलेला. त्याआधी ती सकाळी साडेदहाला दूधवाला, सासू, मिक्सर सगळं सांगत सांगत मध्येच "अगं हो, हॅपी बर्थडे" म्हणायची, तो फोन पुन्हा कधी आला नाही. शुभेच्छा मिळाल्या आणि फोन गेला. टोमण्याने नातं तुटत नाही बहुतेक वेळा, त्याचं हजेरीपुस्तक होतं.

तर आता तुझा मेसेज. मी काय करते सांगते. तीनच गोष्टी घालते, एक तुमच्या दोघांतलीच एखादी मस्करी, एक सरळ वाक्य ज्यात लागलेलं आहे आणि ज्यात अजिबात मस्करी नाही, आणि शेवटी त्याला करायला एक सोप्पं काम. सरळ वाक्य एकदाच. दोनदा लिहिलं की तक्रार झाली, आणि एकदाही नाही लिहिलं की तुझ्यासारखा टोमणा झाला.

मस्करी कुठली? इथे लोक नेटवरचे विनोद उचलतात, ते नको, "मित्र असावा तर असा" छापाचं चित्र तर अजिबात नको, ते त्याला काकांकडून रोज येतंय. दोघांनाच लगेच कळेल असं काहीतरी मोजमाप शोधायचं. तुम्ही दोघं कोल्हापूरचे आणि वाढदिवस जुलैच्या शेवटी, म्हणजे देवाने हातात दिलंय. जुलैत कोल्हापूरचा माणूस जगात कुठेही असो, सकाळी उठून काय बघतो? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. आणि पातळी नुसती फुटात नाही, फूट आणि इंचात सांगतात, कुणी छत्तीस म्हटलं तर दुसरा लगेच "छत्तीस फूट चार इंच" अशी दुरुस्ती करतो. तर तुझी पातळी लिही. मी पहिल्यांदा असं केलं:

"काय मर्दा, हायस का? बंधारा 36 फूट 4 इंच आणि मी 41. चोवीसला तुझा फोन आला नाही, वाईट वाटलं. कधी येतोस?"

(36 फूट 4 इंच मी नुसतं धरलंय, तू त्या दिवशीचा खरा आकडा टाक, चुकीचा टाकलास तर तो फक्त तेवढंच पकडून बसेल.)

वाईट नाहीये पण तीन ठिकाणी अडलं. 41 जास्त झालं, धोक्याला दोनच फूट कमी, म्हणजे वाचणारा म्हणतो बाप रे, खरंच चिडलाय. विनोदात आकडा जितका थोडा ओलांडलेला तितका बरा, म्हणून 39 फूट 2 इंच. इशारा पातळी दोन इंचाने ओलांडली, यात लागलेलं पण आहे आणि ते किती आहे हेही आहे, जास्त नाही. खरं सांगू का, या मेसेजचं सगळं काम ते दोन इंच करतात. दुसरं, "आला नाही" ऐवजी तू काय केलंस ते लिहायचं, वाट बघितली. त्याने काय केलं नाही ते त्याला कळेलच, इंजिनिअर आहे. तिसरं, "कधी येतोस" हे काम सोपं नाही. त्याला कॅलेंडर बघावं लागेल, रजा, बायको, मग तो म्हणेल बघतो आणि मेसेज तिथेच मेला. काम असं पाहिजे की "हो" म्हटलं की झालं. मग हे:

"काय मर्दा, हायस का? इकडं पाऊस लय. बंधारा 36 फूट 4 इंच, मी 39 फूट 2 इंच. चोवीसला दिवसभर तुझ्या फोनची वाट बघितली, चुकल्यासारखं झालं बघ. 43 च्या आत तांबडा-पांढरा तुझ्याकडनं, बोल."

बघ, मधलं वाक्य कोरडं ठेवलंय मुद्दाम. त्याच्यात "बघ" सोडून काही नाही, तेवढा एक शब्द आवाज खाली आणतो. लोक नेमकं इथेच घाबरतात आणि त्या वाक्यापुढे हसण्याचे तीन-चार इमोजी लावतात, लावू नकोस. ते लावले की तू म्हणतोयस मी गंमत करतोय, आणि तू गंमत करत नाहीयेस. इमोजी लावायचाच असला तर पावसाच्या वाक्याला लाव. "24 जुलै" न लिहिता "चोवीसला" लिहिलं ते पण विचार करून, तारीख-महिना पूर्ण लिहिला की नोटीस आल्यासारखी वाटते. आणि वाढदिवस हा शब्दच नाहीये, लक्षात आलं का? त्याला स्वतःला आठवू दे, चोवीस वाचून दोन सेकंदात डोक्यात प्रकाश पडेल, आणि स्वतःहून पडलेला प्रकाश माणसाला कमी बोचतो.

एक सावधगिरी. पुराची मस्करी ही फक्त पाणी इशाऱ्याच्या खाली असेपर्यंतच. 2019 आणि 2021 ज्यांनी बघितलंय त्यांच्यापुढे पाणी खरंच 40 च्या वर गेल्यावर हे चालत नाही, आणि त्याचं घर किंवा सासर चिखली-आंबेवाडीकडचं असेल तर तू 30 फुटाला पण करू नकोस. मग दुसरं माप घे. ज्यांचा कोल्हापूरशी संबंध नाही त्यांनीही हेच करायचं, आपलं आपलं माप. माझ्या हाताखालच्या एका डोंबिवलीच्या पोरीने मैत्रिणीला लिहिलं होतं, "तुझी फास्ट चुकली, मी अजून फलाटावरच आहे, स्लो पकडून ये", मला तर हेवाच वाटला.

दुसरी एक मराठी पळवाट आहे ती पण सांगून ठेवते, तिथी. "तारखेने हुकलास, तिथीने अजून चार दिवस आहेत, चान्स घे." याच्यात त्याला सुटायला रस्ता आहे आणि वर आई घरी तिथीनेच ओवाळत असेल तर ते खरं पण आहे. फक्त पाठवण्याआधी कॅलेंडर उघडून बघ की तिथी पुढे आहे की मागे. तिथी दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की परत पुढे उडी मारते, त्यामुळे कधी ती तारखेच्या आधीच होऊन गेलेली असते आणि मग विनोद आपल्यावरच. आणि दर 19 वर्षांनी तारीख-तिथी जवळपास एकत्र येतात, म्हणजे 19 व्या, 38 व्या आणि 57 व्या वाढदिवसाला ही पळवाट बंद. तुझं वय मला माहीत नाही, हिशोब तू कर.

आता कधी आणि कुठे. तिसरा दिवस बरोबर आहे, मी दुसरा ते पाचवा म्हणते. त्याच रात्री पाठवला तर तो पकडल्यासारखा वाटतो, दिवस अजून संपायचा असतो आणि कदाचित तो अकरा पन्नासला फोन करणार असतो. आठवड्यानंतर पाठवला की इतके दिवस हा मनात धरून बसला होता असं दिसतं, मग शब्द कितीही हलके असू देत. सकाळी ऑफिसच्या आधी किंवा संध्याकाळी, रात्री अकरानंतर नाही, रात्रीचा प्रत्येक मेसेज जड वाटतो. फक्त त्यालाच, ग्रुपवर अजिबात नाही. ग्रुपवर टाकलास की बाकीचे चौघं त्याची धुलाई करतील, तुला त्या वेळेला मजा येईल आणि त्याला चारचौघांत माफी मागावी लागेल, ती माफी तुझ्यासाठी नसेल, त्यांच्यासाठी असेल. आणि स्टेटसला "काही माणसं" वगैरे ओळी टाकणाऱ्यांबद्दल मी काय बोलू.

व्हॉइस नोट? आवाजात सूर पोचतो हे खरं, वर सांगितलंच, पण माणूस बोलायला लागला की चार वाक्यांची बारा होतात, आणि तिसऱ्यांदा रेकॉर्ड करताना आवाज कापरा होतो. वीस सेकंदात होणार असेल तर कर. टाईप केलेलं असेल तर पाठवण्याआधी एकदा चिडक्या आवाजात मोठ्यांदा वाच. मुद्दाम सगळ्यात खडूस काकूच्या आवाजात. तशा आवाजात वाचूनही ते बरं वाटलं तर पाठव, कारण त्याचा दिवस वाईट असेल तर तो त्याच आवाजात वाचणार आहे. वरचा मेसेज मी तसा वाचून बघितलाय, "बोल" जरा टोचतं, पण कोल्हापुरी माणसाला चालतं. तुमच्यात नसेल चालत तर "काय म्हणतोस" कर. पाठवल्यावर खटकलं तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांत एडिट करता येतं, पण त्याच्या समोर एडिट केल्याची खूण राहते, आणि डिलीट केलास तर डिलीट केल्याची. डिलीट केलेला मेसेज हा सगळ्यात जड मेसेज असतो, त्यात काय होतं याचा माणूस चार दिवस विचार करतो. त्यापेक्षा पाठवण्याआधी पाणी पिऊन ये.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घे, दोन मिनिटांचं काम आहे. त्याच्याकडे सगळं ठीक आहे ना. त्याचा शेवटचा मेसेज कधी होता, ग्रुपवर तो आठ-दहा दिवस गप्प आहे का, कुणा कॉमन मित्राला सहज विचार. घरात कुणी दवाखान्यात असेल, नोकरीचं काही झालं असेल तर 39 फूट वगैरे सगळं गुंडाळून ठेव आणि सरळ फोन कर, वाढदिवसाचा विषयही काढू नकोस, तो पुढे स्वतःच काढेल. आणि उलट, जर खरं दुखणं 24 जुलैचं नसून वर्षभर तो उचलतच नाही, भेटायचं टाळतो हे असेल, तर त्याला हा मेसेज पुरणार नाही. हलका मेसेज एका चुकलेल्या फोनचं वजन उचलतो, वर्षाचं नाही. त्यासाठी समोरासमोर बसावं लागतं. पण तुझ्या प्रश्नावरून मला तसं वाटत नाही, 13 वर्षांत पहिल्यांदा हुकलाय म्हणतोस.

आता उत्तर आलं की. इथे बहुतेक जण सगळं केलेलं घालवतात. तो लिहिणार, "अरे यार सॉरी, शप्पथ, कसं काय राहिलं, लाज वाटली राव". आणि तू सवयीने लिहिणार, "अरे काही नाही रे, चालतंय की". नको. एवढं धाडस करून एक वाक्य लिहिलंस आणि आता म्हणतोयस काही नव्हतंच, मग ते कशाला लिहिलं होतंस? आणि तो पण गोंधळतो, सॉरी जास्त झालं का कमी झालं. त्याची सॉरी घ्यायची. "लागलं होतं थोडं. आता उतरली पातळी, 37." बास. यात लागलं होतं हे कायम आहे आणि संपलं हेही आहे. तो फारच सॉरी सॉरी करायला लागला, तिसऱ्यांदा आली, तर विषय जेवणावर घे, "रस्सा किती वाट्या ते बोल", कारण आता त्याला सावरायचं काम तुझं आहे, आणि ते विनोदानेच होतं.

निळ्या टिका आल्या आणि दिवसभर उत्तर नाही, असं पण होईल. घाबरू नकोस, ते बहुतेक वेळा लाजेने होतं, त्याला वाटतं नुसत्या मेसेजने भागणार नाही, रात्री निवांत फोन करू, आणि रात्री पोरगं झोपत नाही. दोन दिवस जाऊ देत. दुसरा मेसेज त्याच विषयावर नाही, "बघितलास का" तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी काहीतरी वेगळंच पाठव, मॅचबद्दल, पावसाबद्दल, जुना फोटो, म्हणजे त्याला कळेल की दार उघडं आहे आणि आत कुणी छडी घेऊन बसलेलं नाही. तरीही काहीच आलं नाही तर मग फोन कर, आणि तेव्हा तो वाढदिवसासाठी नसेल, तो ठीक आहे ना एवढंच विचारायला असेल.

आणि त्याचा वाढदिवस येईल तेव्हा तू नेहमीसारखा फोन कर, नेहमीच्या वेळेला. 12 ला करत असशील तर 12 ला, मुद्दाम 11:59 ला नको आणि मुद्दाम दुपारी तर नकोच. फोनवर "मला बघ कसं आठवलं" म्हणायची जाम खाज येईल, ती गिळ. हे एक वाक्य मात्र खरंच गिळायचं आहे, आणि ते तो स्वतःच पहिल्या मिनिटात बोलून टाकेल बघ, "यंदा चोवीसला गजर लावलाय" वगैरे. तेव्हा त्याला सांग गजर काढून टाक म्हणून.